गरम नळातलं गार पाणी: साडेपाच लिटरांचा हिशेब

गिझर तापलेला असतो, दिवा विझलेला असतो, तरी लांबच्या न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ सोडला की मिनिट-दीड मिनिट गारच पाणी येत राहतं. गिझर मंद आहे म्हणून असं होतं, हा समज सार्वत्रिक आहे. बहुतेक वेळा गिझरचा यात काहीच दोष नसतो. मागच्या वापरानंतर पाइपात अडकून राहिलेलं पाणी तिथेच निवलेलं असतं आणि गरम पाण्याची पाळी येण्याआधी ते सगळं नळातून बाहेर पडावं लागतं. म्हणजे आपण थांबतो ते पाइप रिकामा होण्यासाठी.

हा पाइप किती पाण्याचा आहे, ते सहज काढता येतं. समजा गिझरपासून नळापर्यंत, भिंतीतली सगळी वळणं धरून, १८ मीटर पाइप आहे आणि त्याचा आतला व्यास २० मिलिमीटर आहे. अशा पाइपाच्या एका मीटरमध्ये सुमारे ३१४ मिलिलिटर पाणी मावतं, म्हणजे १८ मीटरमध्ये साडेपाच लिटरांहून थोडं जास्त. बेसिनच्या तोटीला जाळी असेल आणि ती मिनिटाला ४ लिटर पाणी देत असेल, तर एवढं पाणी सरायला ८५ सेकंद लागतात. पाणी वाचवणारी जाळी बसवल्यावर थांबणं का वाढतं, तेही यावरून कळतं: सांडायचं पाणी तेवढंच राहतं, फक्त ते हळू सांडतं.

प्रत्यक्षात याहूनही थोडा जास्त वेळ लागतो, कारण पुढे सरकणारं गरम पाणी वाटेतला पाइप तापवत जातं. इथे पाइप कशाचा आहे याला महत्त्व येतं. पाऊण इंची लोखंडी पाइपाचं वजन मीटरला दीड किलोच्या वर भरतं. लोखंडाला तापायला तेवढ्याच वजनाच्या पाण्याच्या साधारण नवव्या हिश्शाइतकी उष्णता लागते. म्हणजे प्रत्येक मीटरमागे जवळजवळ १७५ मिलिलिटर पाणी जादा तापवावं, तेवढी उष्णता नुसता पाइपच गिळतो. तांबं आणि प्लॅस्टिक यांची भूक बरीच कमी असते. लोखंडी पाइप असलेल्या घरात नळाचं पाणी आधी कोमट होतं आणि बराच वेळ कोमटच राहतं, त्याचं कारण हे.

मग पाइप बारीक घेतला तर? पाण्याचं प्रमाण व्यासाच्या वर्गावर ठरतं, त्यामुळे फरक वाटतो त्याहून मोठा पडतो. २० ऐवजी १५ मिलिमीटर केलं की साडेपाच लिटरांचे ३.२ लिटर होतात आणि ८५ सेकंदांचे ४८. नवं घर बांधताना माझ्या मते यापेक्षा स्वस्त उपाय दुसरा नाही: गिझर नळांच्या जवळ आणि एकेका नळाला लागेल तेवढ्याच जाडीचा पाइप. पण बारीक पाइपात घर्षण भराभर वाढतं. पाणी गच्चीवरच्या टाकीतून नुसत्या उंचीच्या जोरावर येत असेल, तर लांबलचक बारीक पाइपावर शॉवरची धार मरते. बेसिनसाठी बारीक आणि शॉवरसाठी जाड, असा वेगवेगळा विचार करायला हवा.

पाइपावर फोमचं वेष्टण चढवलं की थांबणं संपेल, अशी अनेकांची अपेक्षा असते. सकाळी पहिल्यांदा नळ सोडाल तेव्हा वेष्टणाचा उपयोग जवळपास शून्य, कारण रात्रभरात वेष्टणातलं पाणीही निवतं. त्याचा फायदा दोन वापरांच्या मधल्या वेळेत दिसतो. हवा २५ अंशांवर असेल, तर उघड्या तांब्याच्या पाइपातलं ५५ अंशांचं पाणी ४० अंशांवर यायला साधारण २५ मिनिटं लागतात. त्यावर १३ मिलिमीटर जाडीचा फोम असेल तर तासाभराहून थोडं जास्त. म्हणजे घरातली माणसं पाठोपाठ आंघोळी करत असतील, तर दुसऱ्याला आणि तिसऱ्याला ताबडतोब गरम पाणी मिळतं. फोम १९ मिलिमीटरचा केला तर आणखी दहा-पंधरा मिनिटं मिळतात. त्यापुढे जाडी वाढवणं फारसं उपयोगाचं नाही. वेष्टणाशिवाय भिंतीत गाडलेला पाइप मात्र सिमेंट-विटांना उष्णता देत बसतो आणि हवेतल्या पाइपापेक्षा लवकर निवतो. भिंत लिंपायच्या आधी वेष्टण घातलं नसेल तर नंतर तिथे हात पोचत नाही.

थांबणं खरोखर संपवायचं असेल तर पाणी फिरतं ठेवावं लागतं. त्यासाठी लांबच्या नळापासून गिझरकडे परतीचा एक पाइप आणतात आणि त्यावर छोटा पंप बसवतात. मोठ्या हॉटेलांत आणि रुग्णालयांत हीच व्यवस्था असते आणि तिथे पंप अहोरात्र चालतो. त्यामागे सोयीखेरीज आणखी एक कारण आहे: कोमट, साचलेल्या पाण्यात लीजनेला नावाचे जिवाणू वाढतात, म्हणून टाकीत ६० अंश आणि परतीच्या वाटेवर किमान ५० अंश राखण्याचा प्रघात आहे.

घरात हीच नक्कल केली की हिशेब उलटतो. आपल्याच उदाहरणात जाण्या-येण्याचा मिळून ३६ मीटर पाइप सतत तापलेला राहील. उघडा पाइप मीटरला साधारण २० वॅट उष्णता हवेत सोडतो. म्हणजे ७२० वॅट, दिवसाला १७ युनिट. फोम घातला तरी सुमारे ७ युनिट जातातच. आता थांबण्याची किंमत पाहा. दर वेळी पाइपात निवणाऱ्या साडेपाच लिटरांतली उष्णता ०.२ युनिट भरते. दिवसातून सहा वेळा गार पाणी सोडावं लागलं, तर ३४ लिटर पाणी आणि सव्वा युनिटच्या आत वीज. चौतीस लिटर वाचवण्यासाठी सहा-सात युनिट जाळणं हा व्यवहार मला पटत नाही, पाण्याची टंचाई असली तरी नाही, कारण दोन्ही वाचवता येतात.

त्यासाठी पंप मागणीपुरता चालवायचा. न्हाणीघरात शिरताना बटण दाबलं की पंप सुरू होतो. वाटेत तोटीची जाळी नसल्यानं तो मिनिटाला १० लिटर सहज ओढतो आणि पाइपातलं गार पाणी न सांडता गिझरकडे परत पाठवतो. नळाजवळचा तापमापक काही अंशांची वाढ ओळखतो आणि पंप बंद करतो. सगळं अर्ध्या-पाऊण मिनिटात होतं. वापरानंतर पाइपात उरणारी उष्णता पूर्वीसारखीच वाया जाते, पण पाणी वाचतं आणि विजेचा खर्च जवळपास तेवढाच राहतो.

जुन्या घरात परतीचा पाइप नसतो. तिथे बेसिनखाली गरम आणि गार पाइपांना जोडणारा तापमानावर चालणारा व्हॉल्व्ह बसवतात आणि गार पाण्याचा पाइपच परतीची वाट बनतो. काम भागतं, पण गार नळातून थोडा वेळ कोमट पाणी येतं आणि काहींना ते अजिबात खपत नाही.

खर्च करण्याआधी बादली आणि घड्याळ घेऊन एकदा मोजावं. पाइपाची लांबी-जाडी अंदाजून किती लिटर यायला हवेत ते काढा आणि सकाळी गरम पाणी येईपर्यंत प्रत्यक्षात किती जमतात ते पाहा. आकडा हिशेबाच्या सव्वापट-दीडपट असेल, तर दोष पाइपाच्या लांबीचाच. लिटर बरोबर, पण वेळ फार लागत असेल, तर जाळीत कचरा किंवा क्षार अडकलेले असतात. तिप्पट पाणी गेलं तरी कोमटच येत असेल, तर गरम-गार पाणी मिसळणाऱ्या मिक्सरच्या आत गार पाणी गरमात झिरपत असण्याची शक्यता मोठी. मिक्सरखालचा गार पाण्याचा कॉक बंद करून पाहिलं की ते उघड होतं.

परतीचा पाइप असलेल्या घरात आणखी एक जागा तपासावी. पंपाजवळचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह अडकला किंवा बसवायचा राहिला, तर पंप बंद असतानाही गरम पाणी हलकं म्हणून आपसूक वर चढतं, निवलेलं खाली उतरतं आणि रात्रभर फेरा चालू राहतो. विजेचं बिल वाढतं, पंपाचा आवाज मात्र नसतो. पंप बंद होऊन दोन-तीन तास झाल्यावर, मध्ये कुणी गरम पाणी वापरलेलं नसताना, परतीच्या पाइपाला हात लावावा. तो गरम लागला तर आधी तो व्हॉल्व्ह उघडून बघावा.