मागणीची किंमत लवचिकता आणि एकूण प्राप्ती

किंमत बदलली की मागणी किती बदलते, हे शेकडेवारीत मोजणारे प्रमाण म्हणजे मागणीची किंमत लवचिकता. विक्रेत्याची एकूण प्राप्ती म्हणजे किंमत गुणिले विकलेले नग. किंमत वाढवली की नग घटतात आणि उतरवली की वाढतात, त्यामुळे या गुणाकाराचे काय होईल ते नुसत्या अंदाजाने सांगता येत नाही. लवचिकता काढण्याचे व्यवहारातले मुख्य कारण हेच आहे. आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९० मध्ये ही संकल्पना अर्थशास्त्रात पक्की रुजवली.

मूळ सूत्र सोपे आहे:

लवचिकता = मागणीतील शेकडा बदल ÷ किमतीतील शेकडा बदल

किंमत आणि मागणी एकमेकींच्या उलट दिशेने हलतात, म्हणून उत्तर ऋण येते. चर्चेत मात्र ऋण चिन्ह गाळून फक्त आकडा घेतात. तो १ पेक्षा जास्त असेल तर मागणी जास्त लवचिक, कमी असेल तर कमी लवचिक आणि बरोबर १ असेल तर एकक लवचिक. कमी लवचिक मागणीत किंमत वाढवल्यास प्राप्ती वाढते व उतरवल्यास घटते. जास्त लवचिक मागणीत याच्या उलट घडते. एकक लवचिक असेल तर प्राप्ती जागची हलत नाही.

विद्यार्थी हा नियम पाठ करतात. तो कुठे फसतो, हे मुंबईच्या बेस्ट बसभाड्यावरून चांगले दिसते. ९ जुलै २०१९ पासून बेस्टने साध्या बसचे किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आणले. समजा, जुन्या भाड्याला एका मार्गावर १०० प्रवासी येत होते. तेव्हाची प्राप्ती ८०० रुपये. नव्या भाड्यात तेवढेच ८०० रुपये मिळवायचे तर १६० प्रवासी हवेत. आता जुन्या आकड्यांच्या आधारे शेकडेवारी काढली तर भाडे ३७.५ टक्के उतरले आणि प्रवासी ६० टक्के वाढले, म्हणजे लवचिकता १.६ आली. नियमानुसार प्राप्ती वाढायला हवी होती, पण ती आहे तिथेच आहे. उलट दिशेने, म्हणजे ५ वरून ८ रुपयांकडे जाताना भाडे ६० टक्के वाढते, प्रवासी ३७.५ टक्के घटतात आणि उत्तर ०.६२५ येते. त्याच दोन बिंदूंसाठी दोन वेगळी उत्तरे निघतात, आणि प्राप्तीबद्दल दोन्ही दिशाभूल करतात.

दोष शेकडेवारीच्या पायात आहे. बदल लहान असेल तर तो जाणवत नाही, पण भाडे एकदम तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उतरते तेव्हा चूक मोठी होते. म्हणून मोठ्या बदलासाठी कंस लवचिकता काढतात. तिच्यात पाया म्हणून जुना किंवा नवा आकडा न घेता दोघांची सरासरी घेतात. भाड्याची सरासरी ६.५० रुपये, बदल ३ रुपये, म्हणजे ४६.२ टक्के. प्रवाशांची सरासरी १३०, बदल ६०, म्हणजे तेही ४६.२ टक्के. लवचिकता बरोबर १, आणि प्राप्तीही तेवढीच. हा योगायोग नाही. दोन बिंदूंवरची प्राप्ती सारखी असते तेव्हाच कंस लवचिकता १ येते, त्यामुळे या पद्धतीत प्राप्तीचा नियम बदल कितीही मोठा असला तरी टिकतो. माझ्या मते शालेय उदाहरणांतही पहिल्यापासून हीच पद्धत वापरावी.

आता प्रवासी १०० वरून १३० झाले असे मानू. सरासरी ११५, बदल ३०, म्हणजे २६.१ टक्के. त्याला ४६.२ ने भागले की लवचिकता सुमारे ०.५७ येते. मागणी कमी लवचिक आहे, म्हणजे भाडेकपातीने प्राप्ती घटली पाहिजे. पडताळा घ्या: ५ गुणिले १३० म्हणजे ६५० रुपये, पूर्वीपेक्षा १५० रुपये कमी. बस पूर्वीपेक्षा भरलेली दिसते, पण गल्ल्यात रक्कम कमी पडते. म्हणून भाडेकपात फसली असे मात्र म्हणता येणार नाही. रस्त्यावरची वाहने कमी करणे आणि प्रवासी पुन्हा बसकडे वळवणे हा हेतू असेल, तर प्राप्तीतली तूट हा त्याचा खर्च आहे आणि ती अनुदानातून भरून काढावी लागते. ती किती असेल, एवढेच लवचिकता सांगते.

मे २०२५ मध्ये हेच किमान भाडे ५ वरून १० रुपये झाले. कंस पद्धतीने ही वाढ ६६.७ टक्के आहे. प्रवासी निम्मे होत नाहीत तोवर या टप्प्यावरची प्राप्ती पूर्वीपेक्षा खाली जात नाही. समजा १०० चे ८० प्रवासी झाले, तर लवचिकता ०.३३ आणि प्राप्ती ५०० वरून ८०० रुपये. शहरी बससेवेच्या जगभरच्या अनुभवातही अल्पकाळातली लवचिकता बहुधा १ च्या बरीच खाली असते. तिचा एक जुना ठोकताळा ०.३३ हाच आहे, म्हणजे भाडे ३ टक्के वाढले की प्रवासी साधारण १ टक्का घटतात.

तरीही हा आकडा कुठल्याही भाड्याला लावता येत नाही. सरळ रेषेच्या मागणीतही लवचिकता प्रत्येक बिंदूवर वेगळी असते. समजा, प्रवासी संख्या २०० वजा भाड्याच्या १० पट आहे. ५ रुपयांना १५० प्रवासी येतील आणि बिंदू लवचिकता, म्हणजे त्या भाड्यातल्या अगदी लहान बदलासाठीची लवचिकता, ०.३३ असेल. १० रुपयांना १०० प्रवासी येतील आणि ती १ होईल. १२ रुपयांना ८० प्रवासी उरतील आणि ती १.५ होईल. प्राप्ती अनुक्रमे ७५०, १,००० आणि ९६० रुपये. म्हणजे १० रुपयांपर्यंत भाडेवाढीने प्राप्ती वाढते आणि त्यापुढे घटते. रेषेचा उतार सगळीकडे एकच आहे, तरी लवचिकता एकच नाही. उतार आणि लवचिकता यांची गल्लत उत्तरपत्रिकांत फार आढळते.

प्रत्यक्ष मोजणीत याहून अवघड अडचण येते. सूत्रात बाकी सारे तसेच राहिले असे गृहीत धरलेले असते आणि शहर तसे राहत नाही. भाडे वाढले त्याच काळात बसगाड्या कमी झाल्या, नवी मेट्रो सुरू झाली किंवा शाळांना सुट्टी लागली, तर प्रवाशांतली घट एकट्या भाड्याच्या नावावर टाकता येत नाही. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना केल्यास हंगामाचा परिणाम बाजूला होतो. बसच्या फेऱ्या बदलल्या नाहीत असेच मार्ग निवडल्यास गाड्यांच्या संख्येचाही होतो. गर्दीच्या वेळी बस आधीच गच्च भरलेली असेल, तर भाडे उतरवूनही प्रवासी वाढायला जागा नसते आणि लवचिकता खरी आहे त्यापेक्षा कमी दिसते. पासधारकांचे गणित वेगळे मांडावे लागते, कारण पास काढल्यावर पुढच्या प्रत्येक फेरीचे वेगळे भाडे त्यांना द्यावे लागत नाही.

काळाचा परिणाम सर्वांत जास्त. भाडे वाढल्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर जायचेच असते, म्हणून प्रवासी कुरकुरत का होईना तीच बस धरतो. वर्षभरात तो शेअर रिक्षाचा जोडीदार शोधतो, हप्त्यावर दुचाकी घेतो किंवा जवळचे अंतर चालू लागतो. त्यामुळे दीर्घकाळातली लवचिकता अल्पकाळापेक्षा जास्त निघते, आणि पहिल्या महिन्यातल्या प्राप्तीवरून पुढच्या वर्षांचा अंदाजपत्रकी आकडा ठरवला तर तो फुगलेला ठरतो.