घोरणं थांबतं तेव्हा

काकूंनी मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला. "डॉक्टर, ह्यांचं झोपेतलं चित्रीकरण केलंय. घोरण्याचं काही नाही हो, ते तीस वर्षं ऐकतेय. मधेच थांबतं ना, तेव्हा माझा जीव खाली-वर होतो."

काका कोथरूडचे, वय ५८, बँकेतून निवृत्त. एट्रियल फिब्रिलेशनसाठी, म्हणजे हृदयाचा ठेका पार विस्कटल्यामुळे, जूनमध्ये त्यांना शॉक देऊन ठेका जागेवर आणला होता. सप्टेंबरमध्ये पर्वती चढताना दम लागायला लागला आणि ईसीजीत तोच विस्कटलेला ठेका पुन्हा दिसला. गोळ्या वेळेवर चालू होत्या. मग बिघडलं कुठे, याचं उत्तर त्या मोबाइलमध्ये होतं.

चित्रीकरणात मंद दिव्याच्या उजेडात काका उताणे झोपलेले दिसतात. मोठ्यानं घोरणं चालू आहे. मग एकदम शांतता. पण नीट पाहिलं तर छाती थांबलेली नाही. पोट वर येतंय, छाती आत जातेय, पुन्हा पोट वर, छाती आत. श्वास घ्यायची धडपड चालू आहे आणि हवा मात्र जात नाही. ३४ सेकंदांनी अंग दचकतं, घशातून मोठा आवाज येतो आणि घोरणं पुन्हा सुरू होतं.

हाच ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया. जिभेच्या मागचा घसा म्हणजे एक मऊ नळी. तिला हाडाचा आधार नाही, जागेपणी स्नायू तिला उघडी धरून ठेवतात. झोपेत ते सैलावतात. शहाळ्यातली कागदी नळी भिजून मऊ झाली की जोरात ओढल्यावर तिच्या भिंती चिकटतात, तसंच इथे होतं. ज्यांची मान जाड, जबडा मागे किंवा वजन जास्त, त्यांच्यात हे लवकर घडतं.

आता ही ३४ सेकंदं हृदयाच्या बाजूनं पाहू, कारण आजाराचं मर्म तिथे आहे. नेहमीचा श्वास घेताना छातीत किंचित ओढ तयार होते, पाण्याच्या पाचसात सेंटिमीटर दाबाएवढी. वाट बंद असताना तोच श्वास ओढायला गेलं की ही ओढ पन्नास सेंटिमीटरच्याही पुढे जाऊ शकते. फुफ्फुसात हवा येत नाही, त्यामुळे ही ओढ छातीतल्या बाकी सगळ्यावर पडते. हृदय तिथेच आहे. त्याचे खालचे कप्पे जाड भिंतींचे, पण वरचा डावा कप्पा, म्हणजे डावं अलिंद, जेमतेम काही मिलिमीटर भिंतीचा. तो बाहेरच्या बाजूला ताणला जातो. दर झटापटीला ताण, मग ढिलाई, पुन्हा ताण.

या ताणाची एक खूण रुग्णाला घरबसल्या कळते, पण तो ती दुसऱ्याच खात्यावर मांडतो. अलिंद ताणलं गेलं की शरीराला वाटतं रक्तात पाणी फार झालंय, आणि अलिंदातून एक संप्रेरक सुटतं जे मूत्रपिंडांना पाणी बाहेर टाकायला सांगतं. काका रात्री तीनदा लघवीला उठायचे. "प्रोस्टेट असेल" असं ते दोन वर्षं धरून चालले होते.

ताणाबरोबर आणखी दोन गोष्टी घडतात. रक्तातला ऑक्सिजन घसरतो. आणि श्वास अडलेला असताना हृदयाचा वेग मंद करणाऱ्या नसा जोर धरतात, तर जाग येताच वेग वाढवणाऱ्या नसा एकदम उसळतात. रक्तदाब झटक्यात चढतो. या ओढाताणीत अलिंदाच्या पेशी एका ठोक्यानंतर दुसऱ्यासाठी नको तितक्या लवकर तयार होतात आणि भलतीकडूनच ठोके सुटू लागतात. हे वर्षानुवर्षं चाललं की अलिंद मोठं होतं, त्यात व्रणासारखे धागे तयार होतात आणि विस्कटलेला ठेका तिथे मुक्कामाला येतो. शॉकनं ठेका ताळ्यावर येतो, पण रात्रीचा ताण तसाच राहतो.

काकांची घरीच झोपेची तपासणी केली. नाकाशी हवेची नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिमीटर. आलेखात हवेची रेघ सपाट होते तेव्हा पट्ट्याची रेघ नाचतच असते. ऑक्सिजन मात्र थोडा उशिरानं पडतो, घोरणं परत सुरू झाल्यावर, कारण फुफ्फुसातलं रक्त बोटापर्यंत पोचायला वेळ लागतो. साडेसहा तासांत २४७ वेळा श्वास अडला किंवा फार कमी झाला. भागाकार केला की तासाला ३८. पाचच्या खाली ठीक, तीसच्या वर तीव्र. ऑक्सिजन सर्वांत खाली ७४ टक्क्यांपर्यंत गेला होता.

मला खटकतं ते असं, की काकांना दिवसा झोप येत नव्हती. ठेक्याच्या आणि हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय कमी पडण्याच्या, रुग्णांत हे वारंवार दिसतं. "दिवसा पेंगता का?" एवढं विचारून थांबलं तर हा आजार हातातून निसटतो. शेजारी झोपणाऱ्याला विचारावंच लागतं.

इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डावं अलिंद ४६ मिलिमीटर, म्हणजे मोठं, आणि हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता ४५ टक्के, म्हणजे कमी झालेली. छातीत बाहेरून ओढ असताना डाव्या खालच्या कप्प्याला रक्त बाहेर ढकलायला जास्त जोर लावावा लागतो, त्यात चढलेल्या रक्तदाबाची भर. शिवाय बिघडलेल्या ठेक्यामुळेही क्षमता घटते.

आणि गंमत नाही, हे चक्र उलटंही फिरतं. काकांच्या घोट्यांवर संध्याकाळी मोज्यांचा वळ उमटायचा. हृदय कमी पडलं की पाणी पायात साठतं. रात्री आडवं झालं की तेच पाणी वर सरकतं, काही मानेच्या भागात साचतं आणि घसा आणखी अरुंद करतं. काही रुग्णांत याच्या जोडीला दुसरा प्रकार दिसतो, सेंट्रल ॲप्निया. त्यात वाट मोकळी असते, पण मेंदू श्वासाची आज्ञाच देत नाही, पट्ट्याची रेघही सपाट. हा फरक ओळखणं जिवाशी निगडित आहे. २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत हृदयाची क्षमता कमी असलेल्या सेंट्रल ॲप्नियाच्या रुग्णांना श्वासानुसार दाब बदलणारं यंत्र लावलं, तर हृदयविकारानं होणारे मृत्यू वाढले. काकांच्या २४७ पैकी सहाच घटना सेंट्रल होत्या, म्हणून त्यांना सीपॅप दिलं. नाकावरच्या मास्कमधून सतत दाबाची हवा येते आणि घसा आतून उघडा राहतो. १९८१ मध्ये सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी हा उपाय मांडला.

सीपॅपनं ठेका टिकतो का? २००३ च्या एका अमेरिकी अभ्यासात शॉकनंतर वर्षभरात उपचार न घेतलेल्या ८२ टक्के ॲप्निया रुग्णांत फिब्रिलेशन परतलं, सीपॅप वापरणाऱ्यांत ४२ टक्के. पण तो लहान अभ्यास होता, आणि चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या नंतरच्या छोट्या चाचण्यांत फरक दिसला नाही. हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार असलेल्या २,७०० हून अधिक रुग्णांच्या २०१६ च्या चाचणीतही झटके कमी झाले नाहीत. तिथे लोकांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच वापरलं होतं. मी स्वतः ते लावायला सांगतो, पण ठेका टिकेलच असा शब्द देत नाही.

काकांनी पहिला आठवडा मास्क काढून टाकण्यात घालवला. तोंडानं श्वास घेत असल्यानं हवा बाहेर निघून जायची. तोंड-नाक दोन्ही झाकणारा मास्क आणि हवा ओलसर करणारा डबा लावल्यावर जमलं. सहा आठवड्यांनी यंत्राच्या नोंदीत रात्री साडेपाच तास वापर आणि तासाला चार घटना. लघवीला उठणं एकदावर आलं. पुन्हा शॉक दिल्यानंतर तीन महिने ठेका नीट आहे.

"मग रक्त पातळ करायची गोळी बंद करू का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. रक्तदाब आणि हार्ट फेल्युअर मिळून वाढलेला पक्षाघाताचा धोका सीपॅपनं पुसला जात नाही, आणि ठेका कधी चुकला ते काकांना पहिल्यांदाही कळलं नव्हतं. पुढचा इको होळीनंतर आहे.