विभागीय चौकशी

शासकीय कर्मचाऱ्यावर गैरवर्तणुकीचा आरोप असेल, तर शिक्षा देण्यापूर्वी तो तपासून पाहण्याची कार्यपद्धती. कचेऱ्यांमध्ये तिला ‘डीई’ म्हणतात. राज्याच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 लागू आहेत. बडतर्फी, पदावनती यांसारख्या मोठ्या शिक्षांसाठी नियम 8 प्रमाणे पूर्ण चौकशी करावी लागते, तर किरकोळ शिक्षांसाठी नियम 10 ची छोटी पद्धत आहे. या पूर्ण चौकशीचे टप्पे नागपूरच्या एका कल्पित कचेरीतील प्रकरणावरून समजून घेऊ.

समजा, एका लिपिकाने 3 जूनला पावत्या फाडून 6,400 रुपये शुल्क घेतले आणि 19 जूनला चलनाने भरले. त्याच्यावर ‘आपण कामात सतत हयगय करता व आपली सचोटी संशयास्पद आहे’ एवढाच आरोप ठेवला, तर त्याने उत्तर तरी कशाचे द्यायचे? म्हणून ज्ञापनासोबत चार जोडपत्रे देतात. पहिल्यात दोषारोप, दुसऱ्यात त्यामागची हकिकत, तिसऱ्यात कागदपत्रांची यादी आणि चौथ्यात साक्षीदारांची यादी असते. या प्रकरणात दोषारोप दोन होतील. पहिला, रक्कम सोळा दिवस उशिरा भरल्याचा आणि दुसरा, मधल्या काळात ती स्वतःसाठी वापरल्याचा, म्हणजे तात्पुरत्या अपहाराचा. हे दोन वेगळे लिहिणे फार महत्त्वाचे आहे, कारण एक सिद्ध झाल्याने दुसरा आपोआप सिद्ध होत नाही.

लिपिक मुदतीत लेखी निवेदन देतो. उशीर झाल्याचे तो मान्य करतो, पण तिजोरीची किल्ली अधीक्षकांकडे होती आणि ते रजेवर होते, असे सांगतो. दुसरा आरोप तो नाकारतो. जे नाकारले त्याची चौकशी करण्यासाठी चौकशी अधिकारी नेमला जातो आणि कचेरीची बाजू सादरकर्ता अधिकारी मांडतो. हे दोघे वेगळे असावेत, कारण चौकशी अधिकारीच साक्षीदाराला कचेरीच्या बाजूने प्रश्न विचारू लागला, की तो निवाडा करणारा राहत नाही. लिपिकाला बचाव सहायक म्हणून दुसरा शासकीय कर्मचारी घेता येतो. वकील मात्र सादरकर्ता अधिकारी स्वतः विधिज्ञ असेल किंवा प्राधिकाऱ्याने परवानगी दिली असेल तरच मिळतो.

सुनावणीचा खरा कस साक्षीपुराव्यात लागतो. प्राथमिक चौकशीत एका शिपायाने ‘साहेब, त्यांनी पैसे घरी नेले’ असा जबाब दिलेला असतो. तो जबाब फाइलला लावला की आरोप सिद्ध झाला, अशी समजूत कचेऱ्यांत घट्ट बसलेली आहे आणि अनेक शिक्षा तिथेच ढासळतात. शिपायाला सुनावणीत बोलवायला हवे, त्याने तेच पुन्हा सांगायला हवे आणि लिपिकाला त्याची उलटतपासणी घेता यायला हवी. रूपसिंह नेगी प्रकरणात (2009) सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले, की कागद नुसता हजर केल्याने त्यातील मजकूर शाबीत होत नाही. प्रत्येक तारखेचा रोजनामा त्याच दिवशी लिहून उपस्थितांच्या सह्या घ्याव्यात. तारीख कोणी मागितली, कोण गैरहजर होता, कोणता कागद दाखवला, हे पुढे त्यावरूनच कळते.

आपल्या प्रकरणात शिपाई आलाच नाही. अधीक्षकांची रजा हजेरीपटावरून 4 ते 12 जून अशी निघाली. म्हणून अहवालात निष्कर्ष असा यावा : ‘दोषारोप 1 अंशतः सिद्ध. 12 जूनपर्यंतच्या उशिराचे कारण पटते, त्यानंतरच्या सात दिवसांचे नाही. दोषारोप 2 सिद्ध नाही, कारण पैसे वापरल्याचा एकही साक्षीदार तपासलेला नाही.’ इथे फौजदारी खटल्याइतका नि:संशय पुरावा लागत नाही, ‘असे घडले असणे अधिक संभवनीय’ एवढे पुरते. पण पुरावाच नसेल तर संभवनीयता कशावरून ठरवणार? नुसते ‘बचाव समाधानकारक नाही’ लिहिणे म्हणजे निष्कर्ष नव्हे.

शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याला हा अहवाल मान्य असलाच पाहिजे असे नाही. दोषारोप 2 सिद्ध झाला असे त्याला वाटले, तर त्याने असहमतीची तात्पुरती कारणे लेखी कळवून लिपिकाचे म्हणणे मागवावे लागते. पंजाब नॅशनल बँक विरुद्ध कुंजबिहारी मिश्रा (1998) या निकालाने हे पक्के झाले. अहवाल मान्य असला तरी शिक्षेपूर्वी त्याची प्रत द्यावीच लागते, हे ईसीआयएल विरुद्ध बी. करुणाकर (1993) प्रकरणात घटनापीठाने ठरवले.

शिक्षेविरुद्ध आधी खात्यात अपील, मग महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचे नागपूर खंडपीठ आणि पुढे उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ असा मार्ग आहे. न्यायाधिकरणात आणि उच्च न्यायालयात सहसा पुरावा नव्याने तोलत नाहीत, पद्धत पाळली की नाही आणि निष्कर्षाला काही तरी पुरावा आहे की नाही हे बघतात. अहवालाची प्रत न दिल्याने कर्मचाऱ्याचे खरोखर नुकसान झाले असे दिसले, तर शिक्षा रद्द होते आणि प्रकरण प्रत देण्याच्या टप्प्यापासून पुन्हा चालवण्याची मुभा कचेरीला मिळते.