छायाचित्रावरून कोळी ओळखणे

फोटोत दिसणारी शरीराची ठेवण, डोळ्यांची मांडणी आणि जाळ्याचा प्रकार यांवरून कोळ्याचे कुल व जमल्यास प्रजाती ठरवण्याची पद्धत. जातीपर्यंत फोटोवरून क्वचितच पोचता येते. जवळच्या जाती बाहेरून सारख्याच दिसतात आणि त्यांतला फरक पूर्ण वाढ झालेल्या कोळ्याची जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच कळतो. पिल्लांत ती तयार झालेलीच नसतात.

कोल्हापुरात पावसाळ्यात हमखास पाहायला मिळणारा एक नमुना घेऊ. पेठेतले जुने कौलारू घर, रात्रीची वेळ, मोरीच्या भिंतीवर तळहाताएवढा तपकिरी कोळी आणि त्याच्या पोटाखाली पांढरी चपटी चकती. फोटो घरच्या ग्रुपवर पडतो आणि ‘टॅरँटुला आहे, चावला तर मांस सडतं’ असे कोणीतरी लिहून मोकळे होते.

आधी ठेवण पाहावी. टॅरँटुला जाडजूड, दाट केसांचा असतो आणि बहुधा बिळात किंवा झाडाच्या ढोलीत राहतो. आपला कोळी मात्र भिंतीला चिकटून बसलेला, चपटा आहे आणि त्याचे लांब पाय खेकड्यासारखे बाजूला पसरले आहेत. कपाटामागच्या बोटभर फटीत शिरणाऱ्या प्राण्याची ही ठेवण आहे.

मग डोळे. त्यासाठी वरून काढलेला फोटो पुरत नाही, समोरून तोंडाचा एक हवा. त्यात चार-चार डोळ्यांच्या दोन ओळी आणि त्यांच्याखाली फिकट पिवळसर पट्टा दिसतो. लांडगा कोळ्याचे डोळे तीन ओळींत असतात: खाली चार बारके, त्यावर दोन मोठे, मागे आणखी दोन. उड्या मारणाऱ्या कोळ्याचे पुढचे दोन डोळे गाडीच्या दिव्यांसारखे मोठे असतात. मांस सडवण्याबद्दल बदनाम झालेल्या रेक्लूज कोळ्याला सहाच डोळे, तेही दोन-दोनच्या तीन जोड्यांत. इथेच सर्वाधिक चुका होतात. फ्लॅशच्या चकाकीत दोन डोळे हरवतात, मोजणारा सहा मोजतो आणि घरभर घबराट पसरते. धूसर फोटोतल्या ‘सहा डोळ्यां’वर मी कधीच विसंबणार नाही. फ्लॅश बंद करून बाजूने टॉर्च धरावा, आकार कळावा म्हणून भिंतीवर शेजारी पट्टी धरता आली तर उत्तम.

शेवटी जाळे. या भिंतीवर जाळे नाही आणि तीही एक खूणच आहे. छताच्या कोपऱ्यातली जळमटे बहुधा काडीसारख्या पायांच्या कोळ्यांची, बांधावरच्या गवतात दवाने चमकणारी नरसाळ्यासारखी जाळी लांडगा कोळ्यांपैकी हिप्पासा प्रजातीची, तर चाकासारखे गोल जाळे चक्रजाळे विणणाऱ्यांचे. मात्र वयात आलेले नर मादीच्या शोधात जाळे सोडून भटकतात, म्हणून जाळे नाही एवढ्यावरून निर्णय देऊ नये. इथे पोटाखालची चकती मदतीला येते: ती अंड्यांची पिशवी. लांडगा कोळ्याची मादी गोल पिशवी मागच्या टोकाला लावून फिरते, ही मात्र चपटी पिशवी छातीखाली धरते.

तिन्ही खुणा जुळल्या. हा हंट्समन कोळी, बहुधा हेटेरोपोडा वेनाटोरिया, घरातली झुरळे खाणारा. डिवचला तर तो चावतो आणि दुखते, पण त्रास सहसा चाव्याच्या जागेपुरताच राहतो.

वैद्यकीय सावधगिरी : फोटोवरची ओळख उपचार ठरवण्यासाठी वापरू नये. चावताना कोळी पाहिलाच नसेल तर ‘कोळीच चावला’ हे गृहीत धरणे धोक्याचे आहे. ‘कोळी अंगावरून गेला’ म्हणून दाखवले जाणारे जळजळीत फोडांचे पट्टे पुष्कळदा दिव्यावर येणारा पेडेरस हा छोटा भुंगेरा अंगावर चिरडल्याने उठतात. याहून गंभीर गोष्ट मण्यारची. तिचा दंश रात्री झोपेत होतो, फारसा दुखत नाही, खूणही दिसेल न दिसेल अशी असते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर कोळ्याचा विचार सोडून त्याला तडक कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे.

कोळी चावल्याचे नक्की असेल तर जागा साबणाने धुवावी, फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावावा, सूज येण्याआधी अंगठी-बांगडी काढावी. चिरा देऊ नये, चोखू नये, आवळून बांधू नये. वेदना पसरत गेली, पेटके, घाम, उलटी, ताप किंवा धाप सुरू झाली, जखम काळी पडू लागली, किंवा चावा लहान मुलाला असेल, तर डॉक्टरांकडे जावे. चिरडलेला कोळी असेल तर डबीत घालून सोबत न्यावा, पण तो शोधण्यात वेळ घालवू नये.