घशात गोळा अडकल्यासारखे वाटणे

कंठमण्याच्या जरा खाली, मध्यभागी काहीतरी अडकले आहे असे वाटत राहते, पण गिळताना दुखत नाही, घास अडत नाही आणि तपासणीत गाठही सापडत नाही, अशी ही तक्रार. वैद्यकात तिला ‘ग्लोबस’ म्हणतात; लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गोळा. रुग्ण आपापल्या शब्दांत सांगतात : केस अडकलाय, भाताचं शीत चिकटलंय, बेडका सुटतच नाही. पूर्वी या तक्रारीला हिस्टेरियाशी जोडले जाई आणि ती बायकांच्या मनाचा खेळ ठरे. बहुतेक रुग्णांना हे लागू पडत नाही, हे दाखवून माल्कमसन या डॉक्टरांनी १९६८ मध्ये हिस्टेरिया हा शब्द तिच्या नावातून काढायला लावला. संवेदना खरी असते, तिच्यामागे गोळा नसतो एवढेच.

ओळखण्याची खूण जेवणात आहे. हा गोळा नुसता आवंढा गिळताना जास्त जाणवतो आणि भाकरी-भाजी खाताना विसरला जातो. खरा अडथळा असेल तर नेमके उलटे होते : आवंढा सहज उतरतो, घास अडतो. म्हणून डॉक्टरांचा पहिला प्रश्न ‘जेवताना कसं वाटतं?’ हा असायला हवा.

नुसत्या आवंढ्यानेच त्रास का वाढतो, हे कोणालाही स्वतःवर पडताळता येते. पाणी न पिता लागोपाठ चार-पाच आवंढे गिळावेत. लाळ संपते, चौथा-पाचवा आवंढा जड जातो आणि निरोगी घशातही काहीतरी अडल्यासारखे वाटते. गोळा ‘खाली ढकलण्यासाठी’ दिवसभर आवंढे गिळणारा किंवा खाकरणारा माणूस हेच शेकडो वेळा करत असतो. घसा चोळवटतो, स्नायू ताठरतात आणि गोळा अधिकच जाणवतो.

सुरुवात मात्र बहुधा दुसऱ्याच कशाने होते. जठरातले आम्ल वर येणे हे एक नेहमीचे कारण. छातीत जळजळ नसतानाही घसा चुरचुरू शकतो. अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायूंचा वळसा एरवी मिटलेलाच असतो, तो काहींमध्ये जास्त आवळलेला राहतो. नाकामागून उतरणारा कफ, जिभेच्या मुळाशी वाढलेल्या गाठी, थायरॉइडची सूज हीसुद्धा कारणे आहेत. ताण, दुःख आणि दाबून धरलेले रडू यांनी गोळा वाढतो. कंठ दाटून येणे ही त्याचीच क्षणिक आवृत्ती.

उदाहरणादाखल ४२ वर्षांची शिक्षिका घेऊ. घरातल्या कोणाला घशाचा कॅन्सर झाल्यावर महिन्याभरात तिला गोळा जाणवू लागतो. दिवसभर शिकवणे, चार-पाच कप चहा, रात्री दहाला जेवून लगेच आडवे होणे. गोळा मधोमध, कधी असतो, कधी नसतो. वजन स्थिर, जेवण पूर्ण. नाकातून बारीक, लवचिक दुर्बीण घालून घसा व स्वरयंत्र पाहिले जाते. पाच मिनिटांत काम होते. सगळे स्वच्छ दिसले तर पडद्यावर तिलाही ते दाखवावे, कारण भीती हाच तिच्या आजाराचा निम्मा भाग आहे. मग खाकरण्याऐवजी पाण्याचा घोट, जेवण झोपण्याच्या तीन तास आधी, गरजेप्रमाणे आवाज-उपचारतज्ज्ञाकडून घसा सैल सोडण्याचे व्यायाम. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या महिनोन् महिने चालू ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे, ती योग्य नाही. ब्रिटनमध्ये घशाच्या अशा चिवट तक्रारींसाठी ३४६ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लॅन्सोप्राझोल १६ आठवडे देऊनही नकली गोळीपेक्षा जास्त गुण आला नाही. जळजळ आणि आंबट ढेकर असतील त्यांची गोष्ट वेगळी.

आता दुसरा रुग्ण : ५८ वर्षांचा, तीस वर्षे तंबाखू-चुना मळणारा. तोही ‘गोळा’च म्हणतो. पण विचारल्यावर कळते की गोळा डावीकडेच आहे, भाकरी पाण्याबरोबर उतरवावी लागते, दोन महिन्यांत पँट सैल झाली आणि डावा कान ठणकतो, जरी कानात काही नाही. घशाच्या खोल खोबणीतला कॅन्सर असाच गुपचूप वाढतो. घसा आणि कान यांच्या मज्जातंतूंचा मार्ग सामाईक असल्याने दुखणे कानात उमटते. एका बाजूचा गोळा, अडणारा घास, गिळताना वेदना, घटणारे वजन, मानेत गाठ, थुंकीत रक्त, तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज : यातले एकही असेल तर दुर्बिणीची तपासणी लांबवू नये. तंबाखू, मिश्री, गुटखा किंवा दारूचे व्यसन असलेल्याने तर नाहीच नाही. रक्तपांढरी असलेल्या स्त्रीला घास अडू लागला तरी तीच घाई हवी. लोहाच्या दीर्घ कमतरतेत अन्ननलिकेच्या तोंडाशी पातळ पडदे तयार होतात आणि तिथे कॅन्सरचा धोका वाढतो.

अनुभवी डॉक्टर एक साधी गोष्ट बोटांनीही पाहतात. स्वरयंत्र चिमटीत धरून हलकेच डावी-उजवीकडे सरकवले की मणक्यावर घासून बारीक कटकट जाणवते. ती असणे निरोगी. ती नाहीशी झाली असेल तर स्वरयंत्रामागे काही वाढत असल्याचा संशय घ्यावा लागतो. दुर्बीण स्वच्छ असूनही घास अडत असेल, तर अन्ननलिकेची तपासणी उरतेच.