पडलेल्या झाडांची दिशा आणि वळवाचा वारा

एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात कुठेतरी संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास वळीव झोडपतो, गोठ्याचे पत्रे उडतात, बांधावरचा जुना कडुलिंब आडवा होतो, आणि दुसऱ्या दिवशी गावात सगळ्यांच्या तोंडी एकच, "चक्रीवादळ आलं होतं". मीपण वर्षानुवर्षं हेच म्हणत आलो. मग एका वळवानंतर आमच्या शिवारात फिरताना लक्षात आलं की पडलेली झाडं गोल फिरल्यासारखी दिसतच नाहीयेत, रस्त्याच्या अलीकडची पूर्वेकडे पडलीत, पुढची आग्नेयेला, आणि ओढ्यापलीकडची सरळ दक्षिणेला, म्हणजे कुणी हाताची बोटं फाकवावीत तशी. पडलेल्या झाडांच्या याच खुणेवरून एका माणसाने या वाऱ्याचा छडा लावला, आणि ती हकिगत आपल्या वळवाला अगदी लागू पडते.

माणूस म्हणजे तेत्सुया फुजिता, जपानी हवामानशास्त्रज्ञ. १९४५ मध्ये अणुबॉम्ब पडल्यानंतर काही आठवड्यांनी तो नागासाकी आणि हिरोशिमाला पाहणी करायला गेला होता, आणि स्फोटाच्या खालच्या जागेपासून झाडं चहूबाजूंनी बाहेरच्या दिशेला पडलेली त्याने पाहिली. दोनेक वर्षांनी डोंगरावरच्या एका वेधशाळेत गडगडाटी वादळाची मोजमापं घेताना त्याला दिसलं की ढगातून हवा फक्त वर जात नाही, खालीही जोरात येते. त्याच सुमारास अमेरिकेत होरेस बायर्स विमानं, रडार आणि मोठा सरकारी खर्च करून गडगडाटी वादळांचाच अभ्यास करत होते. फुजिताने आपला लेख त्यांना पाठवला, बायर्स चकित झाले, आणि १९५३ मध्ये त्यांनी त्याला शिकागोला बोलावून घेतलं.

३ आणि ४ एप्रिल १९७४ ला अमेरिकेत एका झपाट्यात शेकडो मैलांच्या पट्ट्यात टोर्नेडो झाले, आणि फुजिता छोट्या विमानातून नुकसान बघत फिरला. वेस्ट व्हर्जिनियात बेकलीजवळच्या जंगलात त्याला वेगळंच दिसलं. टोर्नेडोत झाडं भोवऱ्यासारखी पडतात, इथे एका मध्यापासून बाहेर, ताऱ्यासारखी, हुबेहूब नागासाकीसारखी पडलेली. वरून काहीतरी आदळलंय, पण बॉम्ब नाही, मग काय?

उत्तर पुढच्याच वर्षी एका अपघातातून आलं. २४ जून १९७५ ला न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर ईस्टर्न एअरलाइन्सचं ६६ नंबरचं विमान धावपट्टीच्या अलीकडेच पडलं, १२४ पैकी ११३ जण गेले. वादळ विमानतळावर होतं, पण त्याच सुमारास काही विमानं नीट उतरली होती, आणि आधीच्या एका वैमानिकाने वारा भयंकर बदलतोय म्हणून इशाराही दिला होता. फुजिताने विमानांच्या नोंदी जुळवल्या आणि म्हणाला, ढगातून थंड हवेचा लोट खाली कोसळून जमिनीवर पसरला होता, आधी समोरून वारा, मग खाली दाब, मग मागून वारा, आणि एवढं सगळं काही सेकंदांत. त्याने नाव दिलं डाउनबर्स्ट, आणि ४ किलोमीटरपेक्षा कमी रुंदीचा असेल तर मायक्रोबर्स्ट. बऱ्याच हवामानतज्ज्ञांना पटलं नाही, जमिनीजवळ येताना असा लोट मंदावणारच, असं त्यांचं म्हणणं. मग १९७८ मध्ये शिकागोजवळ आणि १९८२ मध्ये डेनव्हरजवळ वाऱ्याचा वेगही टिपणारी डॉपलर रडार लावून महिनेच्या महिने मोजलं, आणि मायक्रोबर्स्ट डझनांनी सापडले.

आता तो लोट का कोसळतो, ते आपल्याच उन्हाळ्यात बघा. आपल्याकडे एप्रिलात ढगाचा तळ जमिनीपासून दोन-तीन किलोमीटर वर असू शकतो आणि खालची हवा कोरडी ठणठणीत. ढगातून निघालेले थेंब या कोरड्या हवेत वाटेतच वाळतात, आणि वाळताना हवेतली उष्णता ओढून घेतात, माठातलं पाणी गार होतं त्याच कारणाने. गारा असतील तर त्या वितळतानाही उष्णता खेचतात. हवा गार झाली की जड होते, जड झाली की धपकन खाली येते, जमिनीला आपटते आणि घमेलंभर पाणी ओतल्यासारखी सगळीकडे पसरते. म्हणून पाऊस यायच्या आधी एकदम गार झुळूक, मग धुळीची भिंत, मग वारा, हा क्रम असतो. आणि कधीकधी पाऊस नावापुरता, पण वाऱ्याने पत्रे गेलेले असतात, कारण पाणी वाटेतच वाळून गेलेलं असतं.

अशी एक-दोन नाही तर ओळीने अनेक वादळं उठली की त्यांच्या गार हवा एकमेकींत मिसळून पुढे सरकतात, पुढच्या उबदार हवेला पाचरीसारखं वर उचलतात, तिथे नवा ढग तयार, आणि ओळ पुढे चालत राहते. हीच स्क्वॉल लाइन. बंगालात कालबैशाखी येते तेव्हा बऱ्याचदा अशीच रांग असते. आपल्या हवामान खात्याच्या हिशोबाने वाऱ्याचा वेग अचानक ताशी २९ किलोमीटरने तरी वाढला, ४० च्या वर गेला आणि किमान मिनिटभर टिकला तर तो स्क्वॉल.

पत्र्यांचं गणित तर मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं. ताशी १०० किलोमीटर वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ४७ किलो भरतो. दहा बाय तीन फुटी पत्रा म्हणजे साधारण पावणेतीन चौरस मीटर, त्याचं वजन बारा-चौदा किलो. वारा छपरावरून सरकताना वरून ओढ घेतो, आणि कडेला आणि कोपऱ्याला ती ओढ या दाबाच्या दुप्पटही जाते. मधल्या पत्र्यावर एकपट धरली तरी एका पत्र्याला वर उचलणारं बळ १३० किलोच्या आसपास, त्यावर ठेवलेले दोन दगड काय करणार, उलट तेच उडून कुणाच्या डोक्यात बसतात. त्यात गोठ्याचं दार वाऱ्याच्या बाजूला उघडं राहिलं तर आतूनही फुगतं. आणि वेग दुप्पट झाला की बळ चौपट. आमच्याकडे उडालेला एक पत्रा मी उचलून पाहिला होता, हुक जागेवर अँगलला घट्ट, आणि पत्र्याची भोकं मात्र लांबट फाटलेली. हुक नाही सुटला, हुकाभोवतीचा गंजका पत्रा फाटला.

झाडाचंही तसंच. कडुलिंबाला एप्रिलात नवी पालवी फुटलेली असते, म्हणजे भरलेलं शीड, आणि आपण रस्त्यासाठी, गटारासाठी, केबलसाठी एका बाजूची मुळं तोडलेली. ९ एप्रिल २०२३ ला अकोला जिल्ह्यात पारसला वादळी पावसात मंदिराजवळचा मोठा कडुलिंब पत्र्याच्या शेडवर पडला आणि आडोशाला थांबलेल्यांपैकी सात जण गेले. पाऊस आला की पत्र्याखाली किंवा झाडाखाली पळायचं, हीच सवय, आणि तिथे दोन्ही एकाच जागी होतं. पुढच्या वर्षी १३ मे ला घाटकोपरला धुळीच्या वादळात होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं, १७ जण गेले. महापालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४० फूट आणि उभं केलेलं सुमारे १२० बाय १२०. नऊपट क्षेत्रफळ, म्हणजे त्याच वाऱ्याचं नऊपट ओझं.

इशारा का मिळत नाही, असं लोक विचारतात. लोट कोसळून पसरायला काही मिनिटंच लागतात, आणि पृथ्वी गोल असल्याने आणि किरण थोडा वर झुकवलेला असल्याने रडारचा किरण शंभर किलोमीटरवर जमिनीपासून किलोमीटर-दीड किलोमीटर वर गेलेला असतो. नेमका जो थर पत्रे उडवतो, तो त्याच्या खालून निघून जातो.