मिस्ड अबॉर्शन की द्राक्षगर्भ? सोनोग्राफीत सारखं दिसतं, पुढचं मात्र वेगळं

"पिशवी साफ झाली ना, मग आता दर आठवड्याला रक्त कशाला?" ओपीडीत हा प्रश्न नेहमी येतो, आणि त्याचं उत्तर या दोन गोष्टींच्या फरकातच आहे.

मिस्ड अबॉर्शनमध्ये गर्भ वाढायचा थांबतो, ठोके नसतात, पण बाहेर पडलेला नसतो. द्राक्षगर्भात, म्हणजे मोलर प्रेग्नन्सीत, बिघाड मुळात वारेत असतो, ती पाण्याच्या फोडांसारखी फुगत जाते. कम्प्लीट मोलमध्ये बाळ नसतंच, आणि तीन महिन्यांच्या आसपास सोनोग्राफीत पिशवीभर बारीक काळी भोकं दिसतात, ते चित्र सहसा चुकत नाही. घोळ होतो 8-9 आठवड्यांना, आणि पार्शल मोलमध्ये तर फारच. तिथे सॅक असते, कधी छोटा गर्भही असतो, ठोके नाहीत, वार जराशी जाड आणि एखाददुसरं भोक, एवढंच, मग रिपोर्टवर मिस्ड अबॉर्शन लिहिलं जातं आणि त्यात सोनोलॉजिस्टची चूक असतेच असं नाही. म्हणून सक्शननंतरचा, म्हणजे नळीने खेचून पिशवी साफ करताना निघालेला टिश्यू पॅथॉलॉजीला पाठवाच, खरा उलगडा बऱ्याचदा तिथेच होतो.

मोलचा संशय असेल तर गर्भपाताच्या गोळ्या टाळून सक्शनच करतात, कारण कळांच्या जोराने तो टिश्यू रक्तात ढकलला जायची भीती असते. शिवाय गोळ्या घेऊन घरीच सगळं पडलं तर तपासायला काही उरतच नाही.

आता रक्ताचं. साध्या गर्भपातानंतर बीटा एचसीजी, म्हणजे वारेच्या पेशी बनवतात तो हार्मोन, काही आठवड्यांत उतरून 5 च्या खाली जातो आणि विषय संपतो. मोलमध्ये मात्र उरलेल्या पेशी पुन्हा वाढू शकतात, कम्प्लीटमध्ये साधारण 100 पैकी 15-20 जणींत, पार्शलमध्ये 5 हून कमी. समजा साफ केल्यावर आकडे 9,000, मग 1,900, मग 1,150, 1,120, 1,180, 1,140 असे आले. पहिली उतरण छान वाटते, पण शेवटचे चार आकडे तीन आठवडे 10 टक्क्यांच्या आतच घुटमळताहेत, म्हणजे आजार अजून आत आहे. तीन आकडे दोन आठवड्यांत 10 टक्क्यांहून जास्त चढत गेले तरी तेच. मग सोनोग्राफी करून आधी नवीन गर्भ नाही ना ते बघतात, छातीचा एक्सरे काढतात आणि कमी जोखमीच्या पेशंटला बहुतेक वेळा मेथोट्रेक्सेट हे केमोथेरपीचं औषध सुरू करतात, ती पूर्ण बरी होते.

आकडा उतरतच गेला तर लागोपाठ तीन नॉर्मल येईपर्यंत दर आठवड्याला रक्त, मग पार्शलला महिन्याने अजून एकदा आणि कम्प्लीटला दरमहा, कुठे 3 तर कुठे 6 महिने. तोवर दिवस राहू देऊ नका, कारण नवीन गर्भाचा एचसीजी पण चढतोच आणि मग कोणता आकडा कशाचा हे कळायचं कसं? गर्भनिरोधक गोळ्या चालतात. घरच्या युरीन किटवर मात्र भागवू नका, त्यात फक्त रेघ येते, आकडा नाही.